संकलन केंद्रांचा डेटा: उशिरा, दुबार आणि मोडक्या नोंदींवर रात्रीचा जॉब तपासायचा कसा?

दुधखुळा

मंडळी, एका दूध संघाच्या डेटाचं काम सध्या माझ्याकडे आहे. साधारण ४०० संकलन केंद्रं. प्रत्येक केंद्रावरचं मशीन दर पावतीमागे एक ओळ लिहितं: केंद्र, तारीख, पाळी, पावती क्रमांक, सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ. पाळी संपली की सीएसव्ही फाइल वर चढते. रात्री ११ वाजता आमचा स्पार्कचा जॉब त्या दिवशी आलेल्या फाइली वाचतो, दरपत्रक लावतो आणि तारखेप्रमाणे पार्टिशन केलेल्या टेबलात लिहितो. दर दहा दिवसांनी त्यावरून उत्पादकांची बिलं निघतात.

जॉब मला आयता मिळाला आहे. टेस्ट आहेत, सगळ्या हिरव्या आहेत, आणि सगळ्या एकाच नीटनेटक्या फाइलवर चालतात. प्रत्यक्षात मात्र दोन दिवसांनी येणाऱ्या फाइली आहेत, तीच फाइल दोनदा येते, आणि फॅटच्या रकान्यात काय वाटेल ते सापडतं. बिलात फरक पडला की केंद्रावर आरडाओरडा होतो आणि तो फिरून माझ्याकडे येतो.

प्रश्न दोन आहेत. अशा खराब नोंदी प्रॉडक्शनमधून उचलून टेस्टला घालाव्यात की हाताने बनवाव्यात? आणि टेस्टच्या शेवटी नेमकं काय ताडून पाहायचं? "जॉब पडला नाही" एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

उंटावरचा शहाणा

एवढं काय त्यात? वाचताना `mode=DROPMALFORMED`, मग `dropDuplicates()`, आणि रोज मागचे सात दिवस पुन्हा चालवायचे. तीन ओळींचं काम. टेस्ट कसली करताय, स्पार्कवाल्यांनी ती केलेली असते.

खवय्या७७

आमच्याकडे दुधात युरिया आहे की नाही ते पाहायला पट्टी मिळते. डुप्लिकेट दुधावर जॉब चालवून काय कळणार? शिवाय लॅक्टोमीटर फसवता येतो हे तर जगजाहीर आहे. नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

दुधखुळा

@खवय्या७७, दूध अस्सल आहे हो, नोंद दुबार आहे. :)

@उंटावरचा शहाणा, मागचे सात दिवस पुन्हा चालवणं मलाही पटतंय. पण DROPMALFORMED लावलं तर टाकून दिलेली ओळ कुणाची होती हे कसं कळणार? ती कुणाच्या तरी सकाळच्या दुधाची असते.

गोदाकाठची

शहाणेराव, सात दिवस मागे जाण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. बाकीच्या दोन ओळी मात्र पैशाच्या हिशोबात चालत नाहीत. का ते सांगते.

आधी दुधखुळांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते मिळालं की पहिला प्रश्न आपोआप सुटतो. टेस्टला एकच दावा तपासू द्या: नोंदी कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा, कितीही उशिरा आल्या तरी शेवटचं टेबल तेच निघालं पाहिजे, जे सगळ्या नोंदी वेळेवर आणि एकेकदाच आल्या असत्या तर निघालं असतं. म्हणजे स्वच्छ नोंदींचा एक छोटा संच हाताने बनवायचा आणि त्याचं उत्तरही हातानेच काढून ठेवायचं. मग तोच संच मुद्दाम बिघडवायचा: काही ओळी पुढच्या दिवसाच्या फाइलीत ढकलायच्या, काही दोनदा घालायच्या, सगळ्यांचा क्रम पिसायचा. जॉब चालवायचा आणि उत्तर ताडायचं.

```python
@pytest.mark.parametrize("seed", range(30))
def test_arrival_order(seed, lake):
    rows = clean_rows()
    for run_date, files in scramble(rows, seed):
        run_job(lake, files, run_date)
    assert final_table(lake) == expected_table()
```

`seed` आकडाच असावा, `random` मोकळं सोडू नये. नाहीतर एखादी टेस्ट पडते, पुन्हा चालवली की हिरवी होते, आणि मग कुणी तिकडे फिरकत नाही. `run_date` बाहेरून दिलाय तेही बघा. जॉबच्या आत कुठे `current_date()` असेल तर आधी ते काढा, त्याशिवाय "दोन दिवस उशिरा" हा प्रकार टेस्टमध्ये घडवताच येणार नाही.

आता तुमच्या जॉबवर हे कसं दिसेल ते तीन पावत्यांवर पाहू. ८ तारीख, संध्याकाळची पाळी, एकच केंद्र. पावती ३१: सभासद ५७, गाय, ६.५ लिटर. पावती ३२: तोच सभासद ५७, म्हैस, ४ लिटर. पावती ३३: सभासद ६०, गाय, ८ लिटर. बेरीज १८.५ लिटर. पावती ३३ मागे ठेवा आणि ९ तारखेच्या फाइलीत घाला. तुमचा जॉब तारखेच्या पार्टिशनमध्ये कसा लिहितो? `partitionOverwriteMode=dynamic` आणि `overwrite` असेल तर ९ तारखेच्या रात्री त्याला ८ तारखेची एकच ओळ दिसेल. तो ८ तारखेचं अख्खं पार्टिशन पुसून तेवढीच ओळ लिहील. ८ तारखेचं संकलन १८.५ वरून ८ लिटरवर येईल, आणि जॉब कुठेही अडखळणार नाही.

दुधखुळा

घरी बसून तीच टेस्ट लिहिली. अगदी ८.० आलं. `overwrite` आणि `dynamic`, दोन्ही आहेत.

म्हणजे आजवर उशिरा आलेली प्रत्येक फाइल आपल्या दिवसाची आधीची फाइल खात होती? पण मग रोजच बोंब झाली असती ना?

गोदाकाठची

जुन्या टीमचं कुणी आठवड्यातून एकदा अख्खा पंधरवडा हाताने पुन्हा चालवत असेल, म्हणून झाकलं गेलं असेल. शहाणेरावांचे सात दिवस अशा वेळी कामाला येतात, पण ते सगळे दिवस एकत्र वाचून लिहिले तरच.

मी असं करते: कच्च्या फाइली आल्या तशा, आल्या त्या तारखेच्या फोल्डरात कायम ठेवायच्या, कधी हात लावायचा नाही. आज आलेल्या फाइलींमध्ये कोणकोणत्या दुधाच्या तारखा आहेत ते काढायचं. त्या प्रत्येक तारखेच्या सगळ्या नोंदी कच्च्या फाइलींमधून पुन्हा गोळा करायच्या आणि पूर्ण पार्टिशन नव्याने लिहायचं. मागे किती दिवसांच्या फाइली चाळायच्या याला मर्यादा घालावीच लागते, नाहीतर जॉब दर महिन्याला हळू होत जातो. तुमच्या कामाला ४५ दिवस पुरावेत.

पहाटपाळी

मी डेटावाला नाही, केंद्र चालवतो. सकाळी पाचला रांग लागते. धाग्याचं नाव वाचून आलो, म्हणून आमच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

फाइल उशिरा येते ती आळसाने नाही. लाइट गेली की मशीन बॅटरीवर चालतं, पण राउटर बंद पडतो. दोन दिवस लाइट नसली तर चार पाळ्यांच्या फाइली एकदम चढतात. आणि दुबार का येते? पाठवताना गोल फिरत राहतं, "यशस्वी" असं काही येत नाही. मग आम्ही पुन्हा बटण दाबतो. तुम्ही नाही का दाबणार?

एकाच सभासदाच्या एका पाळीला दोन पावत्या असतात, हे वर लिहिलंय ते बरोबर आहे. गाय-म्हैस तर असतेच, पण दोन किटल्या गाईच्याच असल्या तरी दोन पावत्या होतात. कधी दोन्हीत माप आणि फॅटसुद्धा सारखं येतं. त्यातली एक उडवली तर माणूस उद्या दारात उभा राहतो.

आणि पावती दुरुस्त होते. फॅट चुकीचं लागलं असं उत्पादक म्हणाला तर नमुना पुन्हा लावतो. पावती नंबर तोच राहतो, फॅट बदलतं.

मधली सुट्टी

आमच्या कारखान्यात हजेरीच्या मशीनचं असंच झालं होतं. एकाच माणसाचे दोन पंच पाच सेकंदांच्या आत आले की दुसरा सोडून द्यायचा असा नियम केला. तुम्हीही वेळ बघा. दोन पावत्यांत एक मिनिटापेक्षा कमी अंतर असेल तर दुबार धरा. आमच्याकडे मस्त चाललं.

पहाटपाळी

एक मिनिटाचा नियम आमच्याकडे चालणार नाही. दुसरी किटली ओतायला अर्धं मिनिटही लागत नाही.

गोदाकाठची

पहाटपाळी, तुमच्या प्रतिसादाने अर्धा धागा सोडवला.

दुबार ओळखायची किल्ली म्हणजे केंद्र + तारीख + पाळी + पावती क्रमांक. सभासद क्रमांक किल्लीत घेतला आणि पावती सोडली तर ५७ नंबरची एक किटली जाते. अख्खी ओळ ताडून `dropDuplicates()` केलं तर पावती क्रमांक ओळीत आहे म्हणून दोन्ही किटल्या वाचतात, पण दुरुस्त झालेली पावती दोन वेगळ्या ओळी म्हणून उरते आणि त्याच दुधाचे पैसे दोनदा जातात. शहाणेराव, तुमची दुसरी ओळ इथे गळते.

आता खरा डाव दुरुस्तीत आहे. पावती ३१ आधी फॅट ३.८ ने आली, मग ३.६ ने. बहुतेक जण "शेवटी आली ती खरी" म्हणून आल्याच्या वेळेवर उतरता क्रम लावतात. मग लाइट जाते, केंद्रवाला सगळ्या फाइली पुन्हा पाठवतो, जुनी ३.८ वाली फाइल सगळ्यात शेवटी येते आणि दुरुस्ती पुसली जाते. म्हणून आल्याची वेळ बघायचीच नाही. मशीन दुरुस्तीला आवृत्ती क्रमांक लावतं का ते पाहा. लावत असेल तर:

```sql
select * from (
  select n.*, row_number() over (
    partition by kendra, tarikh, pali, pavti
    order by avrutti desc) as rn
  from nondi n
) t
where rn = 1
```

आणि एक फट बुजवा: आवृत्ती तीच, पण फॅट वेगळं, अशा दोन ओळी आल्या तर `row_number` त्यातली कोणती तरी एक निवडेल. आज एक, उद्या पुन्हा चालवल्यावर कदाचित दुसरी. अशी जोडी निवडायचीच नाही, दोन्ही बाजूला काढून माणसाकडे पाठवायच्या. ही जोडी स्वच्छ संचात मुद्दाम घाला. वरची तीस `seed` वाली टेस्ट ती पकडेलच असं नाही, कारण लहान संचावर स्पार्क बहुतेक वेळा एकाच क्रमाने उत्तर देतो.

उंटावरचा शहाणा

बरं, किल्लीचं मान्य. पण DROPMALFORMED वर अजून कुणी पटण्यासारखं बोललं नाही. मोडकी ओळ ठेवून करणार काय? तिच्यात वाचण्यासारखं काही नसतंच.

रकाना_क्र_७

नसतं कसं? माझ्या हातून अशा बऱ्याच ओळी गेल्या आहेत (दूध नाही, साखर कारखान्याचा वजनकाटा). दहातल्या आठ ओळींत एकच रकाना बिघडलेला असतो, बाकी ओळ शाबूत असते. फॅट `45` म्हणजे बहुधा ४.५, टिंब राहिलं. पण "बहुधा" वर पैसे देता येत नाहीत, म्हणून ती ओळ बाजूला ठेवायची आणि केंद्राला विचारायचं.

दुसरं, DROPMALFORMED वाटतं तसं सरळ नाही. स्पार्क २.४ पासून सीएसव्ही वाचताना तो फक्त मागितलेले रकानेच तपासतो. फॅटचा रकाना बिघडलाय आणि तुम्ही फक्त लिटरची बेरीज मागितली, तर ती ओळ मोडकी ठरत नाही आणि मोजली जाते. फॅट मागितलं की तीच ओळ गायब. म्हणजे एकाच फाइलीच्या दोन अहवालांत ओळींची संख्या वेगळी. हे शोधताना आमची एक अख्खी दुपार गेली होती.

आणि `PERMISSIVE` वर बिनधास्त राहू नका. त्यात बिघडलेलं फॅट `NULL` होतं. पुढे दरपत्रकाशी `left join` असेल तर दर `NULL`, रक्कम `NULL`, आणि `sum` तर `NULL` सोडूनच देतो. लिटर बरोबर दिसतात, पैसे कमी पडतात. लिटरची बेरीज जुळली म्हणून लोक निर्धास्त होतात.

स्कीमात `_corrupt_record` हा रकाना आपण हाताने घालायचा, तरच मूळ ओळ हाताशी राहते.

दुधखुळा

रकाना_क्र_७, अगदी हेच. मागच्या बिलाच्या वेळी एका केंद्राचे लिटर तंतोतंत जुळत होते आणि रक्कम कमी होती. आत्ता त्या फाइली उघडल्या. एका माणसाने फॅट देवनागरी आकड्यांत भरलंय: `३.८`. गंमत म्हणजे अपलोडच्या वेळी तपासणारी आमची पायथन स्क्रिप्ट ते पास करते.

रकाना_क्र_७

करणारच. पायथनमध्ये `float("३.८")` सरळ 3.8 देतं, रेग्युलर एक्स्प्रेशनमधला `\d` सुद्धा देवनागरी आकडे धरतो. जावातलं `Double.parseDouble` मात्र हे घेत नाही. म्हणजे दारावरचा पहारेकरी आत सोडतो आणि आतला कारकून कागद फेकतो. तपासणी आणि जॉब वेगळ्या भाषेत असतील तर एकच मोडकी फाइल दोघांनाही द्या आणि दोघांचा निकाल जुळतो का ही वेगळी टेस्ट ठेवा.

गोदाकाठची

यावरून तुमचा पहिला प्रश्न. मोडक्या नोंदी प्रॉडक्शनमधूनच उचला, कारण देवनागरी ३.८ घरी बसून सुचत नाही. सभासदाचं नाव-नंबर बदला, बिघाड जसाच्या तसा ठेवा, आणि प्रत्येक बिघाडाला एक छोटी फाइल करा. उशीर आणि दुबार मात्र हाताने बनवलेलेच बरे, कारण तिथे खरं उत्तर आधीच माहीत असावं लागतं.

ताडायचं काय? प्रत्येक वेळी: आलेल्या ओळी = घेतलेल्या + दुबार म्हणून सोडलेल्या + बाजूला काढलेल्या. एका ओळीचाही फरक नको. घेतलेल्यांत दुरुस्तीने मागे पडलेली जुनी आवृत्ती धरायची नाही, तिला चौथा मोजणीचा खण द्या. आणि बाजूला काढलेल्या ओळींची नुसती संख्या नको, नेमक्या कोणत्या पावत्या आणि कोणतं कारण, तेही ताडा. पाच मोडक्या घातल्या आणि पाच बाहेर आल्या, पण त्यातली एक चांगलीच होती, असंही होतं.

मधली सुट्टी

एवढ्या मोडक्या असतील तर जॉब थांबवायचा का? आमच्याकडे १ टक्क्यापेक्षा जास्त झाल्या की थांबतो.

रकाना_क्र_७

४०० केंद्रं आहेत. एका केंद्राची अख्खी फाइल मोडकी निघाली तरी साधारण पाव टक्काच होते. १ टक्क्याची वेस ओलांडलीच जाणार नाही आणि एक गाव बिनपैशाचं राहील. टक्का केंद्रवार मोजा. आणि सगळा जॉब थांबवू नका, तेवढं केंद्र अडवा. ४०० पैकी एकासाठी बाकीच्यांची बिलं का लटकवायची?

पहाटपाळी

अजून एक. मशीनचा सेल संपला की तारीख १ जानेवारी २००० होते. सकाळच्या घाईत कुणाचं लक्ष जात नाही. आणि मागे आमच्याकडे मशीन दुरुस्त होऊन आलं तेव्हा त्यात महिना आधी आणि दिवस नंतर असं झालं होतं.

गोदाकाठची

२००० सालची नोंद म्हणजे "फार उशिरा आलेली" नव्हे, ती मोडकी. ४५ दिवसांपलीकडचं आणि भविष्यातलं सगळं बाजूला. टेस्टमध्ये ४४, ४५ आणि ४६ दिवसांच्या एकेक नोंदी घाला, काठावरच चुका होतात.

महिना-दिवस उलटण्याचं दुखणं अवघड आहे. ८ नोव्हेंबर उलटला तर ११ ऑगस्ट होतो, तो ४५ दिवसांत बसत नाही, सापडतो. पण ३ एप्रिल उलटला की ४ मार्च होतो. तीस दिवस उशिरा आलेली, दिसायला अगदी धडधाकट नोंद. एकेकटी ओळ बघून ही पकडता येत नाही. अख्ख्या फाइलीकडे बघावं लागतं: केंद्राची ४ मार्च सकाळची पाळी आधीच आली आहे आणि आता त्याच पावती क्रमांकांवर वेगळे सभासद येत आहेत, म्हणजे काहीतरी उलटलंय. वर आवृत्ती सारखी, मजकूर वेगळा अशा जोड्या बाजूला काढायला सांगितलं, त्यात हे बरेचसे अडकतात. सगळे नाही. ४ मार्चला केंद्र बंद असेल तर निसटतं.

दुधखुळा

एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही. १ ते १० तारखेचं बिल १२ ला वाटून झालं आणि ८ तारखेची फाइल १४ ला आली, तर?

उंटावरचा शहाणा

८ तारखेचं टेबल बदला, बिल पुन्हा काढा. डेटा खरा तर बिल खरं.

गोदाकाठची

इथे मी शहाणेरावांच्या विरुद्ध आहे. दिलेल्या बिलाचा आकडा मागाहून बदलला तर उत्पादकाच्या हातातला कागद आणि तुमचं टेबल जुळत नाही. संकलनाचं टेबल बदलू दे, पण बिल गोठवा आणि फरक पुढच्या बिलात "मागील फरक" म्हणून वेगळ्या ओळीत द्या. टेस्टही तशीच: १४ तारखेच्या धावेनंतर १२ चं बिल पैशापैशाने तेच राहिलं पाहिजे आणि पुढच्या बिलात फरकाची एकच ओळ हवी. जॉब त्या रात्री दोनदा चालवला तरी एकच.

उंटावरचा शहाणा

आणि दरपत्रक मधेच बदललं असेल तर फरक कोणत्या दराने?

गोदाकाठची

माझ्या मते दूध घातलं त्या दिवशीच्या दराने. पण हे ठरवणं संघाचं काम आहे, आमचं-तुमचं नाही. काही ठिकाणी बिलाच्या दिवशीचा दर लावलेला पाहिलाय. दुधखुळा, हे लेखी घ्या, नाहीतर टेस्टमध्ये अपेक्षित आकडा कोणता लिहिणार?

दुधखुळा

उद्याच विचारतो. दरम्यान आवृत्ती क्रमांकाचं तपासलं. नव्या मशीनच्या फाइलीत तो रकाना आहे, जुन्यांत नाही. जुनी मशीनं साधारण साठ केंद्रांवर आहेत. तिथे ३.८ आणि ३.६ मधली दुरुस्त कोणती हे ओळीवरून कळायला काहीच मार्ग दिसत नाही, म्हणून तिथल्या अशा सगळ्या जोड्या सध्या बाजूला पडतील. रोज किती पडतील याचा अंदाज नाही.

पहाटपाळी

आमचं मशीन जुनंच आहे. दुरुस्त पावती छापली की नंबरापुढे आर येतो, पण तो कागदावर. पेनड्राइव्हच्या फाइलीत येतो की नाही ते कधी पाहिलं नाही. उद्या सकाळची पाळी झाली की एक पावती दुरुस्त करून फाइल उघडतो आणि इथे टाकतो.

रकाना_क्र_७

फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका हं. तारखा तोच बदलेल. नोटपॅडमध्ये उघडा.